"फक्त ३ दिवस उरले!!"

२२ डिसेंबरला सकाळी दांडियाबाजारच्या एका काकूंचा मेसेज, "तीन दिवस आहेत ना अजून? अर्धा किलो प्लम केक लिहून घे गं, एगलेस." तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय.

मी बडोद्यात घरूनच केक करते. नाताळसाठी इन्स्टावर तीन कॅप्शन ठरवल्या होत्या, एक मेन्यूची, एक आठवण करायची आणि एक ऑर्डर बंद झाल्याची. आठवणीची १७ला टाकली, पहिलीच ओळ "फक्त ३ दिवस उरले!!" ऑर्डरची शेवटची तारीख २० लिहिली होती, पण पार खाली, भावांच्या नंतर. आणि फीडमध्ये कॅप्शनची सुरुवातच तेवढी दिसते, पुढचं more दाबलं तर. त्यात पोस्टी तारखेप्रमाणे दिसत नाहीत, १७ची काकूंना २२ला दिसली, त्यांनी तिथून तीन दिवस मोजले, बरोब्बर नाताळ. काय चुकलं त्यांचं? बंद झाल्याचं मी फक्त स्टोरीत टाकलेलं, ते २४ तासांत गेलं.

आता २०च का, तर लोकांना वाटतं उगाच घाई करतात या बायका. अहो गुजरातेत दारूबंदी, रम नाही. रममध्ये सुकामेवा महिना महिना राहतो, मी मनुका, बेदाणे, खजूर संत्र्याच्या रसात भिजवते आणि ते फ्रिजमध्येसुद्धा तीन-चार दिवसच चांगलं राहतं, मग बुडबुडे दिसायला लागतात, झाकण उघडलं की आंबूस वास. म्हणून आधी ऑर्डर मोजायच्या, मग तेवढंच भिजवायचं. भाजल्यावर केक एक दिवस गुंडाळून ठेवावा लागतो, नाहीतर कापताना भुगा होतो.

तरी काकूंसाठी मेव्याचं जमलं असतं, रस गरम करून त्यात घातला की तासाभरात फुगतो, चव थोडी कमी मुरते इतकंच. अडलं ते ओटीजीवर. एका वेळी अर्ध्या किलोचे दोन टिन, १६० डिग्रीवर तास-सव्वा तास, आणि २३च्या रात्रीपर्यंत सगळे घाणे लागलेले. कोणाचा तरी काढून यांचा लावायचा हे मला पटेना, नाही म्हटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "सुनेचा आमच्याकडचा पहिला नाताळ होता गं."

लगेच कॅप्शन एडिट केली. आता पहिली ओळ अशी आहे, "ऑर्डर बंद झाल्या: शनिवार २० डिसेंबर, रात्री ९." त्याखाली वेगळ्या ओळीत "डिलिव्हरी: २४ डिसेंबर, दुपारी ४ पर्यंतच", कारण संध्याकाळी फतेगंजला चर्चपाशी गर्दी वाढली की केक घेऊन स्कूटर पुढे जात नाही. उरले, उद्या, शेवटचा दिवस, हे शब्द कॅप्शनमध्ये आता लिहिणारच नाही, स्टोरीत चालतील.

काकूंनी शेवटी केक कुठून घेतला, हे विचारायचा धीर अजून झालेला नाही.