आमची वाटचाल : 80 बाय 5 ची पट्टी आणि तो अर्धा मिलिमीटर

इंदूरला सांवेर रोडवर आमची छोटी रोलिंग मिल आहे, 300 मिमी व्यासाचे तीन रोल एकावर एक असलेला थ्री-हाय स्टँड, एक भट्टी आणि शेडमधे जेमतेम मावेल एवढा कूलिंग बेड. बाबांनी जुनी मिल घेऊन सुरू केलं तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे ट्रॉलीवाले आणि ग्रिलवाले, त्यांना पट्टी वजनावर लागायची, कॅलिपर कोणी काढायचं नाही. मग पीथमपूरच्या एका प्रेसवाल्याची ऑर्डर आली, 80 मिमी रुंद 5 मिमी जाड पट्टी, आणि ती त्यांच्या डायच्या गाईडमधून सरकली पाहिजे, म्हणजे रुंदीही हवी आणि जाडीही हवी. आमची मिल आज जी काही आहे ती या एका ऑर्डरमुळे, म्हणून तेवढंच सांगतो.

तेव्हा आमचा कच्चा माल 75 बाय 20 चा तुकडा, दोन मीटर लांब. पाच पासमधे, म्हणजे पाच वेळा रोलमधून काढून, तो 20 वरून 15, मग 11.5, 8.5, 6.5 आणि शेवटी 5 वर आणायचा, म्हणजे दर पासला जाडी साधारण चौथा हिस्सा कमी. लोक विचारतात दोन पास एकत्र का नाही करत, डिझेल महाग आहे ना. आता रोल पट्टी पकडायला तयार असतो, घर्षण 0.3 धरलं तर 300 च्या रोलला एका दमात 13 मिमीच्या आसपास घेता येतं. पण 20 वरून थेट 11.5 करायला गेलं तर हिशोबाने भार 45 टनांवर जातो आणि ते आमच्या फायबर बेअरिंगला आणि मोटरला दिवसभर झेपत नाही, फ्लायव्हील ढिला पडतो ते कानाला कळतं.

पहिला पास बघा. 5 मिमी कमी करायचे, रोलचा अर्धव्यास 150. रोल आणि पट्टी जिथे चिकटून असतात त्याची लांबी म्हणजे या दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, साधारण 27 मिमी. त्याला रुंदीने गुणलं की 2050 चौरस मिमीच्या आसपास येतं. हजार डिग्रीच्या साध्या पोलादाचा विरोध आम्ही 120 न्यूटन प्रति चौरस मिमी धरतो, वर घर्षणामुळे पाचवा हिस्सा जास्त, झाले तीस टन. आमच्याकडे भार मोजणारा लोड सेल नाही, हा सगळा हिशोब वहीतला आहे, पण कामाला पुरतो.

तीस टन वरच्या रोलला वर ढकलतात म्हणजे हाऊसिंग ताणलं जातं, स्क्रू दबतो, रोल थोडा वाकतो, आणि दोन रोलमधला गॅप उघडतो. किती उघडतो ते कळायला मिस्त्रींनी शिशाची तार घेतली. शिसं एवढं मऊ की रोलला काही वाटतच नाही, तार जेवढी जाड निघाली तेवढा रिकामा गॅप. तार 14.5 निघाली, त्याच सेटिंगवर लाल पट्टी गार करून मोजली तर 14.8. पोलाद हजार डिग्रीवरून गार होताना सव्वा टक्क्याच्या आसपास आक्रसतं, म्हणजे लाल असताना ती 15 होती. तर 30 टनाला अर्धा मिमी, आमच्या मिलचा हिशोब मिलिमीटरमागे 60 टन. दुसऱ्याच्या मिलचा आकडा वेगळा असणार आणि आमचाही बेअरिंग झिजलं की बदलतो, त्यामुळे बेअरिंग बदललं की शिशाची तार परत.

आता गंमत शेवटच्या पासची, 6.5 वरून 5. कमी करायचे फक्त दीड मिमी, वाटतं हा तर हलका पास. हिशोब केला तर चिकटण्याची लांबी 15 मिमी, पण पट्टी आता 900 च्या आसपास आलेली, विरोध 180 वर गेलेला, आणि पट्टी पातळ असल्याने घर्षणाची भर पाचव्या हिस्स्याऐवजी जवळपास निम्मी. भार येतो 32 टन. म्हणजे 5 मिमी कमी करायला जितका जोर लागला त्याच्यापेक्षा थोडा जास्तच दीड मिमीला!

प्रेसवाल्याची तक्रार नेमकी इथली होती. पट्टीचं एक टोक बरोबर, दुसरं जाड. या पासला पट्टी साडेसात मीटरपर्यंत लांब होते, पुढचं टोक रोलमधे जातं तेव्हा मागचं बाहेर गार होत पडलेलं. ते 60-70 डिग्रीने खाली गेलं की विरोध पाचव्या हिस्स्याच्या वर वाढतो, 32 चे 39 टन होतात, आणि जास्तीचे 7 टन म्हणजे जवळपास 0.12 मिमी जास्त गॅप. मुलं स्क्रू टाईट करायची, मग पुढचं टोक पातळ व्हायचं. स्क्रूने फक्त सगळी पट्टी एकदम पातळ होते, टोकातला फरक तसाच राहतो.

मिस्त्रींच्या डोक्यातून निघालेला उपाय असा की शेवटचा पास खरोखर हलका करा. आता आम्ही 20, 14.5, 10.5, 7.7, 5.8 आणि 5 असं घेतो. गरम असताना जास्त कापून घ्यायचं, शेवटी फक्त 0.8. भार 21 टनांवर येतो, तेवढ्याच थंड टोकाने आता साडेचार पाच टनच वाढतात, फरक 0.08 च्या आसपास. पूर्ण जात नाही, पण त्यांच्या मर्यादेत बसतो. आणि पास झटपट करायचे, चौथ्या आणि पाचव्याच्या मधे पाणी प्यायला थांबायचं नाही, यावरून भांडणं झाली ती वेगळी.

रुंदीचं सांगायचं राहिलं. दाबलं की धातू लांबीत तर जातोच, थोडा बाजूलाही पसरतो. जुनी रीत अशी की जितकी जाडी कमी त्याचा साधारण तिसरा हिस्सा रुंदी वाढते, एकूण 15 कमी म्हणजे 5 वाढ. एकूण आकडा बरोबर येतो पण वाटणी चुकते. पट्टी जाडीच्या मानाने अरुंद असेल तर मोकळी पसरते, रुंद असेल तर मधल्या धातूला दोन्ही बाजूंचं घर्षण धरून ठेवतं आणि तो लांबीकडेच पळतो. वुसाटोव्स्कीच्या सूत्राने काढलं तर जुन्या पासात पहिल्याला 2 मिमी पसरते, मग सव्वा, मग 1, मग अर्धा, शेवटच्याला जेमतेम 0.3. म्हणजे रुंदी सुरुवातीलाच ठरते, चौथ्या पासला कॅलिपर लावून हळहळण्यात अर्थ नाही. आणि 75 वरून पसरून 80 झाली तरी ती लाल असतानाची, गार झाल्यावर 79.1. म्हणून आता आम्ही 76 ने सुरू करतो.

कडेला पाठीमागे कोणी दाबत नसतं, तिथे पट्टी फुगते, आणि कड थंड असेल तर तिथेच चिरा पडतात. आम्ही दुसऱ्या पासनंतर तुकडा खडा करून खोबणीतून एकदा काढतो, कड सरळ होते. पण तो जास्तीचा पास उष्णता खातो, म्हणून त्याहून पातळ झाल्यावर खडा पास करत नाही, शिवाय तेवढा पातळ तुकडा खडा धरला की वाकडाच होतो.

सध्या 100 रुंदीची चौकशी आलीय. तिथे पहिल्या पासलाच भार 40 टनांवर जाणार, म्हणून 20 ऐवजी 16 चा तुकडा मिळतो का ते मंडीत विचारून ठेवलंय. मिळाला नाही तर एक पास वाढवायचा, पण मग मागच्या टोकाचा प्रश्न परत आहेच.