अण्णांची ऑर्डर आणि समोरच्याचा हिशेब

मी कारखान्यांचे प्रकल्प अहवाल करतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक टॉवेलवाले अण्णा माझे जुने अशील. हॉटेलांना लागणाऱ्या पांढऱ्या टॉवेलसाठी त्यांना स्वतःचं ब्लीचिंग युनिट टाकायचं होतं. शेजारच्या गल्लीतला कारखानदारही त्याच विचारात होता.

आम्ही पाच वर्षांचा हिशेब मांडला. एकट्यानेच उतरलं तर दोन कोटी सुटत होते. दोघं उतरले तर भाव पडून प्रत्येकाला साठ लाखांचा खड्डा. कोणी उतरलंच नाही तर शून्य.

"मशीन येईपर्यंत कुणाला सुगावा लागू द्यायचा नाही," अण्णा म्हणाले. मी लगेच थांबवलं. पहिली चाल समोरच्याला दिसली तरच ती पहिली. त्याला माहीतच नसेल, तर तोही अंदाजाने ऑर्डर देऊन बसेल आणि दोघंही खड्ड्यात जातील.

अशा खेळात हिशेब शेवटून मागे करायचा. आपण उतरलेलो त्याला दिसतंय; आता उतरला तर साठ लाख जातात, थांबला तर काही जात नाही. तो थांबणार. म्हणून आपल्याला दोन कोटी.

पण ऑर्डरचा कागद पाहिला आणि मला खरी अडचण दिसली. आगाऊ रक्कम फक्त दहा लाख, तीही रद्द करण्याची मुभा ठेवून. समोरचा व्यापारी माणूस, तो पुढचं पाऊल मोजणारच: मी उतरलो तर अण्णा साठ लाख घालवतील की दहा लाख सोडून मागे फिरतील? मागे फिरतील. मग दोन कोटी त्याचे! म्हणजे आपली चाल पहिली असूनही बाजार त्याच्याकडे जातो.

"मग ऐंशी लाख भरू, परत न मिळणारे," अण्णा म्हणाले. आता माघार ऐंशीची आणि टिकून राहणं साठचं, त्यामुळे ते मागे फिरणार नाहीत हे समोरच्यालाही पटणार होतं.

तरी मी एक गोष्ट विचारली, कारण सगळं तिच्यावरच उभं होतं: त्याचा खर्च आपल्यापेक्षा कमी तर नाही? दोघं असतानाही त्याला नफा सुटत असेल, तर आपण कितीही आधी उतरा, तो येणारच आणि तोटा आपल्याच पदरी. त्याच्याकडे बॉयलर किंवा पाणीप्रक्रिया आधीच असती, तर मी अण्णांना सरळ नको म्हटलं असतं. पण तो ब्लीचिंग बाहेरून जॉबवर करून घेतो, सगळं त्यालाही नव्यानेच उभारावं लागणार होतं.

मग अण्णांनी सही केली आणि दोन्ही कारखान्यांना सूत देणाऱ्या दलालाला मुद्दाम चहाला बोलावून ऑर्डरचा कागद दाखवला. त्या कारखानदाराने पुढे ब्लीचिंगचा बेत सोडला आणि रंगीत टॉवेलसाठी माग वाढवले.