चार्जर घरी आणि कुडाळ अजून साडेसात तास लांब

गेल्या महिन्यात ठाण्याहून कुडाळला निघालो दिवसाच्या गाडीने आणि पनवेल सोडल्यावर बॅगेत हात घातला तर चार्जर नाहीच, तो घरी बोर्डातच लटकलेला. आजूबाजूला सगळ्यांकडे सी टाईप, माझा फोन पाच वर्षं जुना, साध्या जुन्या पिनचा. समोरच्या काकांनी तर "अजून चालतो हा?" असं विचारलं पण, त्यामुळे मागायचा विषयच संपला.

फोन लागणार होता कारण दादा स्टेशनवर घ्यायला येणार होता आणि गाडी कुठे पोचली हे त्याला कळवायचं होतं. टाईमटेबलप्रमाणे गाडी चारच्या आत कुडाळला, पण कोकणात एकेरी ट्रॅक, क्रॉसिंगला थांबली की थांबली, म्हणून मी पाच धरले.

आठला 78 टक्के होते. मी आपला रील बघत, फोटो काढत बसलो आणि साडेनऊला बघतो तर 60. दीड तासात 18 म्हणजे तासाला 12. 60 भागिले 12 म्हणजे पाच तास, म्हणजे अडीचला फोन बंद. पण माझ्या फोनचं तसं नाहीये. तो शून्याला बंद होतच नाही, तो 17 च्या आसपास पटकन मान टाकतो, आणि चार्जिंगला लावून लगेच चालू केला तर परत 15-16 दाखवतो. चार्ज शिल्लक होता तरी फोन गेला, याचा अर्थ बॅटरी म्हातारी झालीये. जुन्या बॅटरीचा आतला रेझिस्टन्स वाढतो, त्यामुळे एकदम जास्त करंट ओढला की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. आणि ती टक्केवारी तरी कुठे मोजून आलेली असते, आतली चिप किती करंट आत आला किती बाहेर गेला याचा हिशोब ठेवते आणि व्होल्टेज बघून अंदाज लावते, बॅटरी झिजली की तो अंदाज चुकायला लागतो.

म्हणजे माझ्यासाठी 60 हे 60 नव्हतेच, 60 वजा 17, 43 होते. 43 भागिले 12, साधारण साडेतीन तास. एकच्या सुमारास, रत्नागिरीच्या आसपासच खेळ खलास. सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर मात्र फोन आरामात सांगत होता की रात्रीपर्यंत चालेल, कारण तो माझा रोजचा वापर बघून सांगतो आणि रोज मी ऑफिसात असतो, फोन टेबलावर पडलेला असतो.

मग उलटा हिशोब केला. 43 मधले 8 फोन करायला बाजूला ठेवले, उरले 35, तास साडेसात, म्हणजे तासाला साडेचारच्या थोडं वर परवडतं. ब्राईटनेस एकदम खाली, डेटा बंद, लोकेशन बंद, ब्लूटूथ बंद, फोन खिशात.

आता इथे मी आधी एक गाढवपणा केला. दर दहा मिनिटांनी फोन काढून बघत होतो कमी झाले का म्हणून. एक तर स्क्रीन लावली की तेवढं जातंच, आणि दुसरं म्हणजे एक टक्का कमी झालेला दिसला तर तो आकडा पडायच्या अगदी टोकावर होता की आत्ताच आधीचा पडला होता हे कळत नाही. दहा मिनिटांत एक टक्का दिसला म्हणजे तासाला 6 असं वाटतं पण खरा वेग 2 पण असेल, 10 पण असेल. एवढ्या कमी वेळावरून काही काढूच नये. निदान चार-पाच टक्के पडू द्यायचे आणि मगच भागाकार करायचा.

अकराला बघितलं, 55. दीड तासात 5, तासाला तीन-साडेतीन. वा. याच वेगाने पाचला 35 उरणार होते, मी खुश होऊन काकांकडून पेपर घेतला आणि वाचत बसलो.

साडेबाराला 44! फोन खिशातून बाहेरसुद्धा काढला नव्हता आणि दीड तासात 11 गेले. पहिल्यांदा वाटलं बॅटरी गेली वाटतं कामातून. मग डोक्यात प्रकाश पडला, खेडपासून पुढे बोगद्यामागून बोगदे, रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे तर साडेसहा किलोमीटरचा. बोगद्यात नेटवर्क जातं, फोन टॉवर शोधत राहतो, बाहेर आलं की लांबच्या टॉवरशी बोलायला जास्त पॉवर लावतो, जरा जोडला की परत बोगदा. डेटा बंद असला तरी हे चालूच असतं. खिशात हात घालून बघितलं तर फोन चांगला कोमट लागत होता, तिथेच खरं तर कळायला हवं होतं.

हिशोब परत: 44 वजा 17, 27, तासाला सव्वासात, म्हणजे सव्वाचारच्या आसपास बंद. गाडी वेळेत आली तर जेमतेम, उशीर झाला तर गेलो. फ्लाईट मोड लावला. दादाला आधी एक मेसेज टाकला की अडीचपर्यंत लागणार नाही माझा फोन, नाहीतर तो घाबरला असता.

अडीचला 42. दोन तासांत फक्त 2! आता शिल्लक 25, तास अडीच, म्हणजे तासाला 10 परवडत होते. आणि असं कळलं की माणूस उधळायला लागतो. बाहेर मस्त हिरवंगार, मी वीस मिनिटं व्हिडिओ काढला आणि 33 वर आलो. वीस मिनिटांत 9, म्हणजे तासाला 27 च्या वेगाने! कॅमेरा हा सगळ्यात मोठा खादाड. मग गपचूप फोन खिशात, नेटवर्क चालू ठेवून.

पुढे क्रॉसिंगला पाऊण तास उभे. कुडाळला उतरलो तेव्हा पाच वीस आणि 24 टक्के. दादाचा फोन आला, "मी भायेर उभो हा", बोलणं झालं, हिशोबात बसलं सगळं. बाहेर येऊन टपरीवर दोघांना चहा सांगितला, पैसे द्यायला स्कॅनर उघडला. 19 टक्के होते, म्हणजे माझ्या हिशोबाने दोन अजून शिल्लक. अंधारं होतं म्हणून टॉर्चपण लावला. कॅमेरा, टॉर्च, डेटा, ब्राईटनेस सगळं एकदम. पैसे जायच्या आधीच स्क्रीन काळी.

"फोन कित्याक बंद केलंस?" दादा म्हणाला.

चहाचे पैसे त्यानेच दिले. आता 17 च्या जागी मी 20 धरतो, कॅमेरा लागणार असेल तर 25.