चप्पल वाळेना आणि ग्राहक थांबेना: उशिराचा ईमेल मी दोनदा लिहिला

माझं कोल्हापुरी चपलांचं छोटं ऑनलाइन दुकान आहे. माल एकाच कारागिराकडून येतो, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्या जुलैत पाऊस असा लागला की कातडं वाळेचना. बाभळीची साल आणि हिरड्यात पकवलेलं कातडं उन्हात नीट वाळल्याशिवाय तळ कापता येत नाहीत. घाई केली तर चप्पल पायात पोचेपर्यंत बुरशी धरते. इकडे वेबसाइटवर मात्र वेणीच्या कापशी चपलेखाली ‘१० दिवसांत रवाना’ असंच लिहिलेलं होतं आणि १८ जुलैच्या आत जायला हव्या अशा ३४ ऑर्डरी, म्हणजे ४१ जोड, अडकून पडले.

१५ जुलैला मी पहिला मेल पाठवला. विषय होता ‘आपल्या ऑर्डरबाबत महत्त्वाची माहिती’. आत दोन परिच्छेद दिलगिरी, पावसाचं वर्णन, ‘लवकरात लवकर पाठवू’ आणि शेवटी पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट. हा मेल मी ज्या सोयीतून सणाच्या जाहिराती पाठवते तिथूनच गेला, त्यामुळे बऱ्याच जणांकडे तो जाहिरातींच्या कप्प्यात पडला आणि त्याला उत्तर दिलं तर माझ्यापर्यंत पोचतच नव्हतं. ज्यांनी वाचला त्यांनी फोन केले. सगळ्यांचा प्रश्न एकच: कधी? साताऱ्याच्या एका बाईंनी मात्र आणखी एक विचारलं, “तुमच्या उशिरासाठी मी अजून एक चप्पल विकत घेऊ का?” सवलतीचं कूपन मी तेव्हाच बंद केलं.

‘कधी’चं उत्तर माझ्याकडेच नव्हतं. अण्णांना विचारलं की ते म्हणायचे, “देतो की आठ दिवसांत.” आठ दिवस हे त्यांचं नेहमीचंच उत्तर. म्हणून १७ तारखेला मी त्यांच्या घरी जाऊन वेगळं विचारलं.

“अण्णा, वाळलेले तळ किती आहेत?”

“चौदा जोडांचे.”

“आणि बाकीचं कातडं?”

“उघडीप मिळाली तर चार दिवसांत वाळंल, नाहीतर पंधरवडा धर. उन्हाचं मी काय सांगू?”

मी पंधरवडाच धरला, म्हणजे १ ऑगस्ट. उरले २७ जोड. घरातली तिघं मिळून वेणीचे तीन जोड दिवसाला करतात, म्हणजे नऊ दिवस. सुट्टी धरून ११ ऑगस्ट, वर दोन दिवस तेल-पॉलिश आणि पॅकिंग. मी १४ ऑगस्ट ठरवली. अण्णांना ती तारीख फार लांबची वाटली, पण मला एकदाच उशीर सांगायचा होता.

त्यात एक गुंता होता. तळ मापाप्रमाणे कापलेले असतात. तयार १४ जोड ७, ८ आणि ९ मापांचे होते. त्यामुळे आधी ऑर्डर देणारा १० मापाचा माणूस मागे राहणार आणि नंतर आलेला ८ मापाचा पुढे जाणार. हे लपवलं असतं तर एकाच घरातल्या दोन ऑर्डरींमध्ये ते उघडं पडलं असतं, आणि एका घरात तसं होणारच होतं. म्हणून ते मेलमध्येच लिहिलं.

पहिल्या १४ जोडांच्या १२ ग्राहकांना मी फक्त तारीख कळवली, त्यांच्यापुढे निवडण्यासारखं काही नव्हतं. उरलेल्या २२ जणांना प्रत्येकाच्या नावाने, माझ्या नेहमीच्या पत्त्यावरून, हा मेल गेला. विषयात ऑर्डर क्रमांक आणि ‘तुमची कापशी चप्पल १८ जुलैऐवजी १४ ऑगस्टपर्यंत निघेल, काय करू ते कळवा’ एवढंच.

> नमस्कार,
>
> तुमची माप १० ची कापशी चप्पल १८ जुलैला निघणार होती. ती आता १४ ऑगस्टपर्यंत निघेल. पावसामुळे तळाचं कातडं वाळलेलं नाही. ७, ८, ९ मापांचे थोडे तळ तयार होते, ते जोड आधी जात आहेत.
>
> या मेलला फक्त आकडा लिहून उत्तर द्या.
>
> १. थांबतो. १४ ऑगस्टपर्यंत चप्पल पाठवा.
>
> २. बदलून द्या. साधी, बिनवेणीची चप्पल तुमच्या मापात तयार आहे, उद्या निघेल. १,८५० आणि १,२५० मधला ६०० रुपयांचा फरक परत करते.
>
> ३. रद्द करा. पूर्ण १,८५० रुपये ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत. आजच पाठवते, खात्यात दिसायला ५ ते ७ कामाचे दिवस लागतात.
>
> उत्तर आलं नाही तर ऑर्डर चालू ठेवते. चप्पल निघेपर्यंत कधीही रद्द करता येईल. १४ ऑगस्टला ती निघाली नाही, तर तुम्ही न सांगताच पैसे परत करीन.

सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या परिच्छेदाला लागला. गप्प राहणाऱ्या ग्राहकाचं काय करायचं? न्यू जर्सीहून आईसाठी ऑर्डर दिलेल्या एका ग्राहकाने फोनवर तिकडची पद्धत सांगितली. अमेरिकेत पहिल्या सूचनेतला उशीर ३० दिवसांपर्यंत असेल तर ग्राहकाचं मौन होकार धरतात. त्याहून जास्त असेल तर ग्राहकाने स्पष्ट होकार द्यावा लागतो, नाहीतर पैसे परत. माझा उशीर २७ दिवसांचा होता. आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सांगितलेल्या मुदतीनंतर माल पोचला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. आवाक्याबाहेरच्या आपत्तीत सूट आहे. ती पावसाच्या नावाने वापरावी असं एकाने सुचवलं, पण जुलैत कोल्हापुरात पाऊस पडणं ही काही आपत्ती नव्हे.

दुसरा पर्याय लिहिण्याआधी साध्या चपलांची मापं मी रॅकवर जाऊन मोजली. वेबसाइटवरचा शिल्लक आकडा दोन जोडांनी चुकलेला निघाला. तसाच मेल गेला असता तर दोघांना दुसऱ्यांदा ‘माफ करा’ म्हणायची पाळी आली असती.

दोन दिवसांत २० उत्तरं आली, बहुतेक एका आकड्याची. १३ जण थांबले, चौघांनी बदलून घेतली, तिघांनी रद्द केली. रद्द झालेल्या चार जोडांचं पेमेंट गेटवेचं शुल्क मला परत मिळालं नाही, ते अंगावर घेतलं. दोघे गप्प होते. एकाचा फोन लागला, “चालेल, घाई नाही” म्हणाले. दुसऱ्यांचा लागलाच नाही, त्यांची ऑर्डर चालू ठेवली.

राहिले १९ जोड. ५ ऑगस्टला अण्णांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या तळांचा फोटो त्या १५ जणांना पाठवला, सोबत एकच ओळ: तारीख तीच आहे. ती ओळ लिहिताना धाकधूक होती, कारण सकाळपासून पुन्हा सरी येत होत्या.

१३ तारखेला १६ जोड निघाले. तीन जोडांच्या तळाखाली बोटाने दाबलं की अजून ओल लागत होती. अण्णा म्हणाले, “पाठव, वाटेत वाळंल.” मी नाही पाठवले. १४ तारखेच्या संध्याकाळी तिघांचे पैसे परत केले आणि तसं कळवलं.

त्यातल्या एकांचा, सोलापूरच्या, दुसऱ्या दिवशी फोन आला. पैसे मिळाले होते, पण चप्पल हवीच होती. त्यांना मी या वेळी तारीख दिली नाही. जोड वाळला, वेणी बसली, तेव्हा फोटो पाठवला आणि मगच पैसे घेतले.