फ्लूच्या बाटलीतले मिली

‘डॉक्टर, फ्लूचं औषध लेकराला किती मिली पाजायचं? आणि ताप उतरला की बंद करू का?’

खानापूरच्या पावसात फ्लूची साथ आली की दवाखान्यात बसल्या जागी हा प्रश्न येतो. मिलीचा आकडा सांगण्याआधी मी वजनकाटा पुढे ओढतो. फ्लूच्या या औषधाचा, ओसेल्टामिव्हिरचा, डोस मिलिग्रॅममध्ये ठरतो. मिली किती, ते बाटली बघितल्यावरच कळतं.

मागे एकाच घरातली दोन मुलं आली होती. धाकटी सात महिन्यांची, वजन 8 किलो. पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या आणि अजून वर्षाच्या आत असलेल्या बाळाला किलोमागे 3 मिलिग्रॅम, म्हणजे तिला एका वेळी 24, सकाळ-संध्याकाळ. थोरला चार वर्षांचा, 16 किलोचा. वर्ष ओलांडलं की किलोचा गुणाकार थांबतो आणि वजनाचे टप्पे लागतात: 15 किलोपर्यंत 30 मिलिग्रॅम, त्यापुढे 23 पर्यंत 45, 40 पर्यंत 60, त्याहून जास्त असेल तर मोठ्यांचा 75. सगळे दिवसातून दोनदा. थोरल्याला 45 बसले.

त्यांच्या बाटलीवर ‘एका मिलीत 12 मिलिग्रॅम’ असं लिहिलेलं. म्हणून धाकटीला 2 मिली, थोरल्याला पावणेचार. शेजारच्या घरात दुसऱ्या गावाहून आणलेली बाटली होती, एका मिलीत 6 मिलिग्रॅमची. त्यातून थोरल्याला साडेसात मिली लागले असते. शेजारणीनं सांगितलेला मिलीचा आकडा उचलला तर डोस निम्मा तरी होतो नाहीतर दुप्पट. म्हणून बाटली मला दाखवाच, आणि चमच्याऐवजी सिरिंजनं मोजा. पाजण्याआधी बाटली नीट हलवा, औषध तळाला बसतं.

ताप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरला, तरी औषध पूर्ण पाच दिवस, दहा डोस. दुखणं सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत हे चालू केलं तर जास्त उपयोगी पडतं. पण दोन वर्षांच्या आतलं मूल असेल किंवा दुखणं जोर धरत असेल, तर उशीर झाला म्हणून मी औषध नाकारत नाही. घरातल्या दुसऱ्या मुलाला फ्लू होऊ नये म्हणून देतात तो हिशेब वेगळा असतो, दिवसातून एकदाच. दोन्ही चिठ्ठ्यांची सरमिसळ करू नका.

उलटी हा या औषधाचा नेहमीचा त्रास. पोटात थोडं दूध किंवा मऊ भात असताना पाजलं तर कमी होतो. औषध पाजल्या पाजल्या सगळं ओकलं, तर मनानं पुन्हा देऊ नका, फोन करा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा आणि किडनीचं दुखणं असलेल्या मुलाचा डोस या टप्प्यांत बसत नाही, तो मी वेगळा काढून देतो. आणि छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ दूध ओढेनासं झालं असेल, तर पुढच्या डोसची वाट न बघता तडक बेळगावला न्या.