पगारातून 30 हजारांची उचल मागितली, नऊ दिवस अर्ज पडून राहिला, माझा अनुभव

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनची तारीख 23 जून ठरलेली आणि हातात पैसे अपुरे. मी वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे, पगार 28 हजार. 8 तारखेला एचआरला अर्ज दिला, कारण आणि रक्कम नीट लिहिली होती, आणि खाली "दोन हप्त्यांत 15-15 हजार फेडीन" असंही लिहिलं, म्हटलं लवकर फेडतो म्हटल्यावर लगेच देतील.

तिथेच सगळं अडकलं. एचआरच्या मॅडम म्हणायच्या अकाउंट्सकडे आहे, अकाउंट्सवाले भाई म्हणायचे "थई जशे", आणि नऊ दिवस कुणी सांगेना की अडलंय कुठे. घरी आई रोज विचारायची, पैशाचं झालं का रे. खरंच फार चीड आली होती. 17 तारखेला मी जेवणाच्या सुट्टीत अकाउंट्सच्या टेबलासमोर जाऊन बसलोच, तेव्हा त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. पीएफ 1,800, प्रोफेशनल टॅक्स 200, सोसायटीचा हप्ता 1,500, म्हणजे 3,500 आधीच कापले जातात, त्यात 15 हजार मिळवले की 18,500. पगारातल्या सगळ्या कापण्या मिळून निम्म्याच्या वर जाऊ नयेत असा कायदा आहे, माझं निम्मं 14 हजार, म्हणजे हप्त्याला जागा उरते फक्त 10,500. एवढं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर!

त्याच टेबलावर नवा अर्ज लिहिला, जुलै ते नोव्हेंबर, दर महिन्याच्या पगारातून 6,000 असे पाच हप्ते, प्रत्येक महिन्यासमोर रक्कम आणि बाकी लिहून: 24,000, 18,000, 12,000, 6,000, शून्य. 10 हजारांचे तीन हप्तेही बसले असते, पण मग घरात साडेचौदाच हजार येतात, आमचं भाडंच 7 हजार आहे. भाई म्हणाले अजून दोन वाक्यं घाला: "वरील हप्ते माझ्या पगारातून कापून घेण्यास माझी संमती आहे" आणि "नोकरी सोडल्यास उरलेली रक्कम अंतिम हिशोबातून वळती करावी". मी स्वतःहून तिसरं घातलं, बिनपगारी रजेमुळे पगार कमी आला तर त्या महिन्याचा हप्ता पुढे ढकलावा, आईच्या ऑपरेशनला सुट्ट्या लागणारच होत्या. साहेबांनी तेही मान्य केलं.

19 ला सही, 20 ला पैसे खात्यात. हो, एक राहिलं, सही झालेल्या अर्जाची झेरॉक्स लगेच मागून घ्या, आणि पहिल्या हप्त्याची पगाराची स्लिप तिच्याशी ताडून बघा. माझ्या जुलैच्या स्लिपवर 6,000 कापलेले दिसले, बाकी 24,000 लिहिलेली, आणि ती स्लिप आईने चष्म्याशिवाय वाचली.