वेळापत्रकातले सव्वानऊ तास

लेकीची परीक्षा ठाण्यात होती. नऊ वाजता केंद्राचं गेट बंद होणार होतं आणि आम्ही कुडाळात. रात्रीची गाडी पकडली तर चालेल का, एवढाच प्रश्न. पण उत्तर सरळ देईल असा माणूस भेटेना. स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीत विचारलं, "गाडी साधारण किती उशिरा पोचते हो?" तर आतून उत्तर आलं, "टायमाला असते." पुन्हा विचारलं तर काचेवर चिकटवलेल्या कागदाकडे बोट.

कागदावर कुडाळ 21:10 आणि ठाणे 06:25. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, वेळा दर हंगामात बदलतात. मध्यरात्र ओलांडणाऱ्या गाडीचा हिशेब दोन तुकड्यांत करावा: 21:10 पासून 24:00 पर्यंत 2 तास 50 मिनिटं, पुढे 6 तास 25 मिनिटं, एकूण 9 तास 15 मिनिटं. कॅल्क्युलेटरवर दशांशात वजाबाकी करायला जाऊ नका, तासाला शंभर मिनिटं नसतात.

इथे मेव्हणे मध्ये पडले. "त्यात थांबे धरा. रत्नागिरीला पाच मिनिटं, चिपळूणला पाच, खेडला दोन, असं करत अर्धा तास वाढतो." नाही वाढत. कुडाळची सुटण्याची वेळ आणि ठाण्याची पोचण्याची वेळ, यांच्या मधलं सगळं त्या सव्वानऊ तासांत आलेलंच असतं. एखाद्या स्टेशनसमोर 23:30 आणि 23:35 अशा दोन वेळा असतात, त्यातला फरक म्हणजे थांबा. तो फक्त गाडी प्रत्यक्ष किती धावते हे काढायला वजा करायचा. प्रवासात मिळवायचा कधीच नाही. हे पटवायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात तिकीट काढून झालं असतं.

उशिराचा अंदाज मात्र खिडकीवर मिळणार नाही हे कळल्यावर मी रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर, जिथे गाडी प्रत्यक्षात कुठे किती वाजता पोचली ते दिसतं, रोज सकाळी तीच गाडी बघायला लागलो. बघायचं ते ठाण्याला किती वाजता पोचली हे. रत्नागिरीला किती उशीर होता याला महत्त्व नाही, ते का ते पुढे येईलच. बहुतेक दिवस दहा ते पंचवीस मिनिटं उशीर, एका दिवशी मात्र 1 तास 40 मिनिटं. सरासरी काढून खूश होण्यात अर्थ नव्हता, कारण परीक्षा एकच दिवस असते. म्हणून वाईट दिवसच धरला: 06:25 अधिक 1:40 म्हणजे 08:05, वर रिक्षेला अर्धा तास, 08:35. गेट नऊला. जमत होतं. हाच हिशेब नऊच्या पलीकडे गेला असता तर आदल्या दिवशी निघालो असतो. आणि हो, कोकणात पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं. वेग कमी केलेला असतो, त्यामुळे मे महिन्यातल्या नोंदींवरून जुलैचा अंदाज बांधू नये.

गाडी कुडाळला वेळेवर आली, रत्नागिरीही वेळेवर. चिपळूण सोडलं आणि पुढे एका बारक्या स्टेशनवर बाजूच्या लाइनीत जाऊन उभी राहिली. वेळापत्रकात त्या स्टेशनचं नावच नाही. डब्यात सगळे झोपलेले, मी आणि एक काका जागे.

"क्रॉसिंग असणार," काका म्हणाले.

बरोबर होतं. मुंबईकडून वीर स्टेशनपर्यंत दुहेरी मार्ग 2021 मध्ये झाला, पण त्याच्या दक्षिणेला बहुतेक मार्ग अजून एकेरी आहे. समोरून गाडी आली की दोघींपैकी एकीला स्टेशनात बाजूला थांबावं लागतं. असे ठरलेले थांबे प्रवाशांच्या वेळापत्रकात छापलेले नसतात, पण दोन स्टेशनांमधल्या वेळेत ते आधीच बसवलेले असतात. म्हणून गाडी उभी राहिली म्हणजे उशीर सुरू झाला असं समजू नये. पुढच्या छापील स्टेशनवर किती वाजले, हाच खरा पुरावा.

समोरून एक गाडी धडधडत गेली. मला वाटलं, निघालो आता. सिग्नल लालच. दहा मिनिटं, वीस मिनिटं. लेक उठून बसली, "बाबा, आपण पोचू ना?" मी तिला झोप म्हटलं आणि स्वतः दाराशी जाऊन उभा. मग आमच्याच दिशेने, मागून एक गाडी आली आणि आम्हाला ओलांडून पुढे गेली. तरीही आम्ही तिथेच. मी चिडलो, पण काका शांत. त्यांनी सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. समोरची गाडी येऊन गेली की पुढचा रस्ता मोकळा होतो, आपली गाडी थोड्याच वेळात निघते. मागची गाडी पुढे काढली तर ती पुढच्या स्टेशनच्या पलीकडे जाईपर्यंत आपल्याला सोडतच नाहीत, कारण दोन स्टेशनांच्या मधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी असते. म्हणजे ओलांडून गेलेल्या गाडीनंतर आणखी दहा-पंधरा मिनिटं धरायचीच. तोवर समोरून दुसरी गाडी सुटली असेल तर तिचीही वाट बघा. आमचं नेमकं तेच झालं. सगळी मिळून जवळजवळ तासभर गाडी तिथे होती, आणि खेड आलं तेव्हा आम्ही 50 मिनिटं मागे.

ॲपवर 50 मिनिटं उशीर दिसत होता. 06:25 मध्ये तो मिळवला तर 07:15. पण उशीर असा जसाच्या तसा शेवटपर्यंत जात नाही, आणि कुठे भरून निघेल हे वेळापत्रकातच दडलेलं असतं. आमच्या गाडीला पनवेल ते ठाणे 75 मिनिटं दिलेली होती. तीच गाडी उलट दिशेने जाताना ठाणे ते पनवेल अंतर 45 मिनिटांत काटते. रूळ तेवढेच, अंतरही तेवढंच, जेमतेम 35 किलोमीटर. मग वरची 30 मिनिटं कशाला? ती राखीव वेळ. मुंबईकडे लोकलच्या गर्दीत शिरताना अडकली तर सावरायला, आणि मागचा उशीर पोटात घालायला. कुठल्याही गाडीची परतीची जोडी काढून शेवटचे टप्पे असे ताडून बघा, राखीव वेळ कुठे ठेवली आहे ते चटकन दिसतं.

वीरनंतर दुहेरी मार्गावर गाडीने थोडं भरून काढलं. पनवेल सोडलं तेव्हा उशीर 30 मिनिटांवर आला होता, 05:10 ऐवजी 05:40. 45 मिनिटांत ठाणे गाठलं असतं तर बरोबर 06:25. लोकलमागे थोडी रखडली आणि 06:33 ला ठाणे. आठ मिनिटं उशीर. काकांनी निघताना घड्याळ दाखवून नुसती मान हलवली. लेकीचा चहा-नाश्ता करूनही आम्ही गेटवर पावणेआठला हजर, तेव्हा गेट उघडलंही नव्हतं. थोडा अभिमान वाटला हे खरं.

एक तारखेचं राहिलं. 00:10 ची गाडी 15 तारखेची असेल तर स्टेशनवर 14 च्या रात्री जेवून निघायचं असतं. आमच्या शेजारचे एक दिवस उशिरा गेले होते. आणि केरळकडून येणाऱ्या गाड्यांचे धावण्याचे वार सुटण्याच्या स्टेशनचे असतात. दिवसाच्या रकान्यात कुडाळसमोर 2 लिहिलेलं असेल तर सोमवारी सुटलेली गाडी आपल्याकडे मंगळवारी येते.

परतीला हा हिशेब उलटा लागतो. ठाणे-पनवेल टप्प्यात तेव्हा सैल वेळ नसते, आणि गाडी सावंतवाडीपर्यंत जाणारी असेल तर राखीव वेळ बहुतेक तिथे, शेवटी. कुडाळ त्याच्या अलीकडे. त्यामुळे रत्नागिरीला 40 मिनिटं उशीर असेल तर कुडाळला रिक्षावाल्याला 40 मिनिटं उशिराच बोलवा.